डाऊन जॅकेट किंवा स्लीपिंग बॅग घरी धुतल्यावर गोळे होतात, पावसाळ्यात कुबट वास येतो: खानदेशातल्या उन्हाळ्यात असं का होतं आणि काय करायचं

मे महिन्यात हिमाचल किंवा उत्तराखंडचा ट्रेक करून जळगाव, धुळे, भुसावळला परतलेल्या मंडळींची ही दरवर्षीची तक्रार आहे. बॅग धुतली, गच्चीवर टाकली, चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात दुपारपर्यंत खणखणीत वाळली, गुंडाळून कपाटात ठेवली. जुलैमध्ये कपाट उघडलं तर ओल्या कुत्र्यासारखा वास, आणि कप्प्यांत जिथे तिथे गोळे. मग पुन्हा धुणं, पुन्हा ऊन, पुन्हा तेच. सगळा दोष साबणावर जातो, पण बहुतेक वेळा खरं कारण आपलं ऊनच असतं.

खानदेशातली मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते की बाहेरचं नायलॉनचं कापड तासा-दोन तासांत वाळतं. हात लावला तर कोरडं, उलट गरम लागतं. आत मात्र पिसं ओलीच असतात. डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीकडची, मधली दांडी नसलेली, कापसाच्या बोंडासारखी फुललेली मऊ पिसं. भिजली की ती एकमेकांना चिकटून गोळा होतात, आणि त्या गोळ्याच्या पोटातलं पाणी बाहेर यायला हवा लागते. वर घट्ट विणीचं कापड, आत गच्च गोळा, म्हणजे हवा आतपर्यंत पोचतच नाही. ऊन कितीही कडक असलं तरी ते गोळ्याच्या बाहेरच्या थरावरच काम करतं. घरातलं कोणीतरी सांगतं, ‘सुकी गई ना आते, ठेव गुंडाळीसन’, आणि आपण ठेवतो.

त्यात आपल्याकडे मे महिन्यात अजून एक गंमत होते, ती सहसा लक्षात येत नाही. ओली बॅग रात्री घरात आणली जाते ती त्याच खोलीत, जिथे कूलर चालू असतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या पट्ट्यांचा कूलर हवा थंड करतो तो तिच्यात पाणी सोडून. त्या खोलीत टाकलेली बॅग रात्रभर वाळण्याऐवजी दमट होत राहते. पंख्याची खोली चालेल, कूलरची नाही. कूलर एकाच खोलीत असेल तर बॅगेला दुसरी खोली द्या आणि मधलं दार लावून घ्या.

आधी ओळखा, नेमकं काय बिघडलंय

गोळे तीन प्रकारचे असतात आणि तिघांचा उपाय वेगळा आहे. बॅग किंवा जॅकेट खिडकीसमोर उजेडात धरा. कप्प्यात मधे काळसर ठिपके आणि बाजूला रिकामं आरपार दिसत असेल, तर तिथे गोळा आहे. आता तो गोळा कापडावरूनच दोन बोटांत धरा आणि गालाला लावा. भोवतीच्या कापडापेक्षा गार लागला तर आत पाणी आहे. वाळवणं अपुरं राहिलंय, एवढंच. हा सगळ्यात नेहमीचा प्रकार, आणि सगळ्यात सोपा.

गोळा गार लागत नाही, पण बोटांनी सोडवला की परत चिकटतो आणि थोडा तेलकट किंवा राठ वाटतो, तर आत साबण उरलाय. याची खात्री करायला कापडाच्या एका कोपऱ्यावर स्वच्छ पाण्याचे थोडे थेंब टाकून चोळा. फेस आला की शंका मिटली. इथे पुन्हा साबण न घालता नुसतं खंगाळावं लागतं.

तिसरा प्रकार म्हणजे पिसंच झिजलेली. उजेडात धरल्यावर गोळ्याऐवजी बारीक भुग्यासारखं काहीतरी तळाशी साचलेलं दिसतं, आणि पूर्ण वाळूनही कप्पा फुगत नाही. अनेक वर्षं दाबून ठेवलेल्या किंवा बुरशी धरलेल्या बॅगेत हे होतं. याला घरी उपाय नाही.

यात एक चौथीच शक्यता असते: ती वस्तू डाऊनची नसेलच. हिवाळ्यात लागणाऱ्या स्वेटरच्या बाजारातली फुगीर जॅकेटं बऱ्याचदा पॉलिस्टर भरलेली असतात. आतल्या शिवणीतलं लेबल बघा. तिथे डाऊन आणि फेदर यांचं प्रमाण, म्हणजे 80/20 किंवा 90/10 असं काही लिहिलेलं असेल तरच पुढचं लागू आहे. पॉलिस्टरच्या धाग्यांचा गोळा झाला की तो बहुतेक वेळा पुन्हा फुलत नाही, त्यामागे दिवस घालवू नका.

वासाचंही तसंच. ओल्या डाऊनला पक्ष्याचा, थोडा बदकांच्या खुराड्यासारखा वास येतोच. धुताना तो आला म्हणून घाबरून जास्त साबण ओतू नका. पूर्ण वाळल्यावर तो जातो. वाळल्यानंतरही येणारा कुबट, तळघरासारखा वास म्हणजे ओल धरून बुरशी सुरू झालीय. फक्त कॉलर आणि टोपीपाशी येणारा खवट वास अंगाच्या तेलाचा असतो. त्यासाठी अख्खी बॅग धुवायची गरज नाही, तेवढाच भाग आतली पिसं बोटांनी बाजूला सारून ओल्या फडक्याने आणि थेंबभर लिक्विडने पुसला की पुरतं. आणि डांबराच्या गोळ्यांचा वास हा आपल्या घरांतला खास प्रकार. लोकरीच्या कपड्यांसोबत बॅगही त्याच पेटीत जाते आणि तो वास पिसांत असा मुरतो की धुऊनही पूर्ण जात नाही. त्याला मोकळ्या हवेत आठवडाभर टांगून ठेवणं हाच मार्ग.

पाणी आणि साबण

इथे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. अंगाला साबण लागत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. कपड्याच्या साबणाची वडी किंवा चुरा अशा पाण्यात वापरला की त्यातल्या कॅल्शियमशी मिळून चिकट साका तयार होतो. सुती कपड्यावरून तो घासून निघतो, पिसांच्या बारीक तंतूंवरून निघत नाही. मग ती पिसं फुलत नाहीत आणि धूळ, ओल धरून ठेवतात. म्हणून वडी अजिबात नको. धुण्याची पावडरही नको. तिच्यात डाग काढायला बरेचदा एन्झाइम असतात, ते प्रथिनं तोडणारे असतात, आणि पिसं म्हणजे प्रथिनच. एका धुण्यात काही दिसत नाही, पण दरवेळी पिसांवरचं नैसर्गिक तेल जातं आणि ती ठिसूळ होतात. ब्लीच आणि फॅब्रिक कंडिशनर तर दूरच ठेवा.

डाऊनसाठी बनवलेलं वेगळं लिक्विड मिळतं, ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानांतून मागवता येतं. ते नसेल तर लोकरीच्या कपड्यांसाठीचं सौम्य लिक्विड, तेही बाटलीवर सांगितल्याच्या निम्म्यानेच घ्या. रिठ्याबद्दल बरेच जण विचारतात. रिठ्याचा फेस जड पाण्यातही साका करत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण घरी उकळलेल्या पाण्यात सालीचा बारीक गाळ राहतो आणि तो पिसांत अडकतो. वापरायचाच असेल तर दुहेरी फडक्यातून गाळून घ्या. माझं मत विचाराल तर रिठा स्वेटरला उत्तम, डाऊनला लिक्विड बरं.

शक्य असेल तर नळाचं पाणी घ्या, निदान शेवटच्या दोन खंगाळण्यांसाठी तरी. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी साठवून कपडे धुवायची चांगली सवय अनेक घरांत आहे, पण या कामाला ते वापरू नका. फिल्टरने गाळून टाकलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात, म्हणजे ते मूळ पाण्यापेक्षाही जड.

पाण्याचं तापमानही बघा. डाऊनसाठी तीस अंशांच्या आसपासचं कोमट पाणी पुष्कळ. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात पोळेल इतकं तापतं. धुणं पहाटेच उरका, त्यामुळे वाळवायला पूर्ण दिवसही हातात मिळतो.

धुणं

धुण्याआधी कोरड्या बॅगेचं वजन करून लिहून ठेवा. पाच-दहा किलोपर्यंतचा स्वयंपाकघरातला काटा किंवा सामान तोलायचा हुकाचा काटा चालतो. याचं कारण पुढे येईल.

चेन लावा, वेल्क्रो चिकटवा. बाहेरचं कापड पाणी न शिरणारं असेल तर बॅग उलटी करा, म्हणजे पाणी अस्तराकडून आत जाईल. मोठ्या टबात पाणी भरून त्यात लिक्विड मिसळा. बॅग पसरून टाकली तर ती होडीसारखी तरंगत बसते, कारण आतली हवा निघत नाही. त्याऐवजी ती घट्ट गुंडाळा किंवा तिच्या पिशवीत कोंबा, पिशवीसकट पाण्यात बुडवा आणि पाण्याखालीच हळूहळू बाहेर काढा. तासभर भिजू द्या, मधे मधे तळहाताने दाबत राहा. पिळायचं नाही, ब्रशने घासायचं नाही, धोपटण्याने बडवायचं तर नाहीच.

मग टबातलं पाणी सोडून द्या, बॅग तिथेच ठेवून दाबा, नवं पाणी भरा. फेस बंद होईपर्यंत हेच. जड पाण्यात पाचेक वेळा करावं लागतं, आणि बहुतेक जण तिसऱ्याच वेळी कंटाळतात. तिथेच साबणाचे गोळे तयार होतात.

पाणी दाबून काढल्यावर बॅग एका टोकाला धरून उचलू नका. ओल्या पिसांचं सगळं वजन एका कप्प्यावर येऊन आतले जाळीचे पडदे फाटतात, आणि मग पिसं एका बाजूला सरकतात ती कायमची. खालून दोन्ही हात घाला, किंवा जुन्या चादरीत घेऊन दोघांनी उचला. सेमी-ऑटोमॅटिक मशीनच्या ड्रायरमध्ये स्लीपिंग बॅग कोंबू नका. पाणी न शिरणाऱ्या कापडाच्या आत पाणी अडकून राहतं आणि जोराच्या फिरक्यात तोल जाऊन मशीन आणि बॅग दोन्ही खराब होतात. जाड टॉवेलांच्या मधे ठेवून वरून दाबणं सुरक्षित.

वाळवणं, इथे घाई करायची नाही

तारेवर टांगू नका. पाणी आणि पिसं दोन्ही खाली उतरतात. नवारीची खाट सगळ्यात उत्तम, कारण खालूनही हवा लागते. खाट सावलीत, वारा येईल अशा जागी: पोर्चमध्ये, पत्र्याच्या शेडखाली जिथे पत्रा फार खाली नाही, नाहीतर गच्चीवर शेडनेट बांधून. कडक उन्हात नायलॉन लवकर कमजोर होतं आणि काळं कापड तर हात ठेववणार नाही इतकं तापतं. मुद्दा उष्णतेचा कमी आणि कोरड्या वाऱ्याचा जास्त आहे, आणि तो आपल्याकडे मे महिन्यात फुकट मिळतो.

पहिले काही तास दर तासाला फक्त उलटत राहा. पाणी खालच्या बाजूला जमतं, तिथून ते निथळलं पाहिजे. ओले गोळे या वेळी सोडवू नका. ओलं डाऊन ताणलं की तुटतं. कापड कोरडं लागू लागलं की खरं काम सुरू होतं. एकेका कप्प्यातला गोळा कापडावरूनच चिमटीत धरून हळूच दोन बाजूंना ओढा, सोडा, पुढचा घ्या. पिंजारी कापूस मोकळा करतो तसंच हे, फक्त बोटांनी आणि धीराने. एक फेरी झाली की बॅग दोन्ही हातांनी हलकेच झटकून पुन्हा पसरा. दोन तासांनी पुन्हा. प्रत्येक फेरीत गोळ्याचा आतला ओला भाग बाहेर येतो आणि तो वाऱ्याला लागतो. हे न करता नुसती पसरून ठेवलेली बॅग आठवडाभरातही आतून वाळत नाही.

गोधडी झटकतात तशी काठी मारायचा मोह टाळा, पडदे फाटतात. इस्त्री तर नकोच, नायलॉन वितळतं. कुणाकडे कपडे वाळवणारं मशीन असेल तर कमी उष्णतेवर दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाकून फिरवा, ते बॉल गोळे फोडतात. पण अशी मशीनं आपल्याकडे फार थोड्या घरांत आहेत.

वजन काय सांगतं: एका बॅगेचा हिशोब

माझ्या भुसावळच्या भाच्याची बॅग अशीच जुलैमध्ये वास मारत निघाली. पावसाळ्यात धुऊन उपयोग नव्हता, म्हणून तिला पिशवीतून काढून पंख्याखाली मोकळी ठेवली आणि ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत थांबलो. धुण्याआधी तिचं कोरडं वजन 1,290 ग्रॅम भरलं. धुऊन, दाबून पाणी काढल्यावर 4,100. म्हणजे पावणेतीन किलोहून जास्त पाणी, आणि हे पाणी दाबून निघणार नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी काटा 1,720 वर आला. कापड वरून कोरडं होत आलं होतं. दुसऱ्या संध्याकाळी 1,390. या वेळी बॅग हातात घेतली तर कुणीही म्हणालं असतं की वाळली. कप्पे बऱ्यापैकी फुगले होते, वासही जवळजवळ नव्हता. पण काट्याच्या हिशोबाने आत अजून 100 ग्रॅम पाणी होतं, आणि ते सगळं पायाकडच्या दोन-चार कप्प्यांतल्या गोळ्यांत. गालाला लावून पाहिलं तर ते गार लागले. मे महिन्यात ती नेमकी याच अवस्थेत गुंडाळली गेली होती.

गोळे सोडवण्याच्या फेऱ्या सुरूच ठेवल्या. तिसऱ्या संध्याकाळी 1,310, चौथ्या संध्याकाळी 1,285, आणि पाचव्या संध्याकाळी पुन्हा 1,285. सुरुवातीपेक्षा पाच ग्रॅम कमी; मळ निघाला. वजन सलग दोन वेळा तेच आलं की बॅग वाळली असं धरायचं, कापड कोरडं लागलं म्हणून नाही. मे महिन्यातल्या वाऱ्यात हेच काम साधारण निम्म्या वेळात होतं, पण गोळे सोडवण्याच्या फेऱ्या तेव्हाही चुकत नाहीत.

जुनं वजन लिहिलेलं नसेल तरी बिघडत नाही. दोन वजनांतला फरक बघायचा, आकडा नाही. फक्त दोन्ही वेळा हवा सारखी असावी. पावसाळ्यातल्या दमट दिवशी पूर्ण वाळलेली बॅगही मे महिन्यापेक्षा जास्त भरते, कारण पिसं हवेतली ओल धरतात. म्हणून सकाळच्या वजनाची तुलना दुपारच्या वजनाशी करू नका, संध्याकाळची संध्याकाळशी करा.

भाच्याच्या बॅगेचा वास गेला. अस्तरावर बुरशीचे करडे ठिपके मात्र राहिलेत, ते जाणार नाहीत. ठिपके घासून काढायच्या नादात अस्तर विरण्यापेक्षा ते राहिलेले बरे.

जॅकेटचं काय

जॅकेटला हेच सगळं लागू आहे, फक्त सोपं. पिसं कमी, कप्पे लहान. मे महिन्यात दीड-दोन दिवस पुरतात. फसवतात ते काखेखालचे आणि बाहीच्या टोकाचे कप्पे, कारण तिथे कापडाचे थर दुहेरी असतात. बाह्या उलट्या करून वाळवा आणि शेवटचं चाचपणं तिथेच करा. पाणी न शिरणारा थर नसलेलं हलकं जॅकेट पुढून दार असलेल्या मशीनमध्ये नाजूक कपड्यांच्या सेटिंगवर, कमी फिरक्यावर धुता येतं. मधे उभा खांब असलेल्या वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये नाही, तो खांब कप्पे ओढून फाडतो. दोन ठिकाणांहून पिसं डोकावत असतील तर ती ओढून काढू नका. पिसाच्या मागून कापड चिमटीत धरून ते आत ओढून घ्या, नाहीतर एकामागून एक येत राहतात.

ड्राय क्लीनिंगला देऊ का, असं विचारणारे असतात. लेबलवर तसं स्पष्ट लिहिलं नसेल तर देऊ नका. तिथल्या द्रावकांनी पिसांवरचं तेल निघून जातं आणि फुगवटा पुन्हा पूर्वीसारखा येत नाही.

ठेवायचं कसं, आणि पाऊस लागला असेल तर

वाळलेली बॅग तिच्या छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका, ती पिशवी फक्त सॅकमधे नेण्यासाठी. मोठ्या सुती पिशवीत, जुन्या अभ्र्यात किंवा चादरीत सैल बांधून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. खालचा कप्पा पावसाळ्यात भिंतीची ओल धरतो. प्लास्टिकची पिशवी नको, डांबराची गोळी नको. पावसाळ्यात उघडीप मिळाली की तिला पंख्याखाली दिवसभर पसरून परत ठेवा.

ट्रेकवरून परतलात आणि इथे मृगाचा पाऊस सुरू झाला असेल, तर बॅग त्या वेळी धुऊच नका. मळक्या पण कोरड्या बॅगेचं पावसाळ्यात फारसं बिघडत नाही. आतून ओल्या बॅगेचं बिघडतं. कॉलर आणि पायाकडचा भाग पुसून घ्या, दोन-तीन दिवस पंख्याखाली मोकळी ठेवा, वजन करून लिहा, आणि धुणं ऑक्टोबरच्या पहिल्या कोरड्या आठवड्यावर टाका.